‘दारूबिरू’चं इंग्रजी काय करायचं?

नमस्कार मंडळी. आज मी एका छोट्या फिल्मच्या सबटायटल्सची गोष्ट सांगणार आहे. फिल्म मराठी, इंग्रजी सबटायटल्स माझी. प्रसंग सदाशिव पेठेतल्या एका घरातला, मुलगी बघायला मंडळी आलीयत, कांदेपोहे होतायत. मुलीचे वडील मुलाच्या मामांना बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “मुलगा दारूबिरू घेतो का हो?” मामा लगेच म्हणतात, “छे छे, सुपारीसुद्धा खात नाही.”

पहिल्या मसुद्यात मी सरळ लिहिलं, ‘डझ ही ड्रिंक?’ आणि पुढे, ‘ही डझन्ट ईव्हन टच सुपारी.’ मराठी न कळणाऱ्या एका मित्राला फिल्म दाखवली. तो तिथेच थांबला. म्हणाला, “प्रश्न दारूचा होता, मग सुपारी कुठून आली?”

त्याचं बरोबर होतं. सुपारी ‘बिरू’मधून आली होती, आणि ‘बिरू’ मी गाळून टाकलं होतं.

(पडद्यावर: दारू → बिरू)

‘बिरू’ला स्वतःचा अर्थ नाही, शब्दकोशात शोधून सापडायचा नाही. पण दारूला चिकटल्यावर ते म्हणतं, ‘दारू आणि त्या जातीचं आणखी जे काही असेल ते’. सिगारेट, तंबाखू, पत्ते, सगळं त्यात आलं, एकाचंही नाव न घेता. मामांनी ते बरोबर ऐकलं, म्हणून त्यांनी सगळ्या व्यसनांत साधं व्यसन काढून तेही नाही म्हणून सांगितलं. आणि वडिलांचीही सोय झाली. ‘दारू पितो का?’ ही चौकशी झाली असती. ‘दारूबिरू घेतो का?’ म्हटलं की प्रश्नातला काटा मोडतो, समोरच्याला राग येत नाही.

हा शब्द आपण कसा घडवतो, ते बघा. मूळ शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं आणि तिथे ‘बि’ बसवायचा. शाळाबिळा, लग्नबिग्न, उपासबिपास. जोडाक्षर असेल तर ते अख्खं जातं: प्रेमबीम. इथे ‘बी’ दीर्घ झाला, लक्षात आलं? कामबीम, फोनबीन, तापबीप, पण पाणीबिणी. हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी ‘बिणी’ आणि ‘बीम’ आपले मराठी उच्चाराच्या वळणानेच तोंडात येतात. शब्द बदलला की जोडीदारही बदलतो: ‘लग्नाबिग्नाचं काही ठरलंय का?’ क्रियापदालासुद्धा हे चालतं: ‘पडलाबिडला तर?’ अडतं कुठे, तर शब्दच ‘बि’ने सुरू झाला की. ‘बिस्किट’चं ‘बिस्किट’च होतं. मग आपण मुकाट्याने ‘बिस्किटं वगैरे’ म्हणतो.

शेजारच्या भाषांतही हे आहे, प्रत्येकीचं अक्षर तेवढं वेगळं. हिंदीत चाय-वाय, बंगालीत जोल-टोल, कन्नडमध्ये ऊट-गीट. ‘गरम गरम’, ‘हळूहळू’ यांत आख्खा शब्द दोनदा येतो. तो वेगळा विषय आहे, त्यात हा सैलपणा नसतो.

आता भाषांतर. दारूबिरूसाठी मी शेवटी लिहिलं, ‘डझ ही ड्रिंक, ऑर एनीथिंग लाइक दॅट?’ सबटायटलच्या एका ओळीत 42 अक्षरं बसवायची असं माप मी धरते. मधल्या रिकाम्या जागा धरून हे 37 भरतं, म्हणजे बसलं. त्यातला स्वल्पविराम मी मुद्दाम ठेवलाय. वडील तिथे क्षणभर चाचरतात, तो चाचरणं दाखवतो. आणि ‘लाइक दॅट’ आल्यावर सुपारीचं उत्तर आपोआप जागेवर बसलं.

पण हा तोडगा सगळीकडे लावू नका. त्याच प्रसंगाच्या सुरुवातीला मुलीची आई पाहुण्यांना म्हणते, “बसा ना, पाणीबिणी आणते.” इथे मी सवयीने ‘आय विल गेट यू सम वॉटर ऑर समथिंग’ लिहिलं आणि मोठ्याने वाचून बघितलं. वाचल्यावर ती बाई बेफिकीर वाटायला लागली, पाणी मिळालं तर पाणी, नाहीतर काहीतरी देते, अशी. मराठीत ती तशी नाहीच. ती पाणी आणणार, मागोमाग सरबत येणार, आणि पाहुण्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून त्याचा गाजावाजा करत नाहीये. मग मी ‘वॉटर’ सोडूनच दिलं: ‘सिट, सिट. आय्ल गेट यू समथिंग टु ड्रिंक.’ ‘बिणी’चा अर्थ ‘समथिंग’ने घेतला, आणि घरगुतीपणा त्या दोनदा आलेल्या ‘सिट’ने आणि आखडलेल्या ‘आय्ल’ने. सैलपणा मराठीत ज्या शब्दावर आहे, इंग्रजीत त्याच शब्दावर यायला हवा असं नाही. तो वाक्यात कुठेतरी आला की काम झालं.

‘चहापाणी’चं प्रकरण मात्र निराळं. तो ठरलेला शब्द आहे, त्यात चहा आणि खाणं दोन्ही आलं, तिथे ‘टी अँड स्नॅक्स’ सरळ चालतं. ‘चहाबिहा’चं टोक मोकळं असतं. दोन्हीला एकच इंग्रजी दिलंत तर तो फरक पुसला जातो.

तिसरं वाक्य सगळ्यात नाजूक. पाहुणे गेल्यावर आत्या मुलीला म्हणते, “प्रेमबीम काय गं, लग्नानंतर होतं ते.” इथे ‘बीम’ म्हणजे ‘वगैरे’ नाही. इथे आत्या प्रेमाला हात झटकून बाजूला सारतेय. तोच ‘बि’, पण सूर वेगळा. एका मैत्रिणीने सुचवलं, इंग्रजीत ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ म्हणतात, तसं ‘लव्ह-श्मव्ह’ कर. कल्पना चांगली होती, आणि रचना खरंच आपल्यासारखीच आहे: पहिलं व्यंजन काढून दुसरं बसवलेलं. पण ती यिडिशमधून अमेरिकेतल्या इंग्रजीत आलेली आहे आणि तिच्यात खिल्लीच असते. आत्या खिल्ली उडवत नाहीये, तिने तसंच आयुष्य काढलंय. शिवाय तो आवाज ऐकला की डोळ्यांसमोर न्यूयॉर्क येतं, सदाशिव पेठ येत नाही. मी लिहिलं, ‘लव्ह अँड ऑल दॅट कम्स लेटर, डिअर.’ ‘गं’ तिथे ‘डिअर’मध्ये गेला. दारूबिरूला मात्र ‘श्म’ कधीच चाललं नसतं, कारण तिथे वडील घाबरलेले आहेत.

तुम्ही स्वतः करून बघणार असाल, तर वाक्य होकारी आहे की नकारी, ते आधी बघा. होकारी वाक्यात किंवा सहज प्रश्नात ‘ऑर समथिंग’ येतं. नकारात आणि ‘नाही ना?’ असं धास्तीने विचारताना ‘ऑर एनीथिंग’. ‘तापबीप नाही ना?’ म्हणजे ‘नो फीव्हर ऑर एनीथिंग?’ तिथे ‘समथिंग’ घातलं की कानाला लगेच खटकतं. ‘अँड स्टफ’ मी तरुण पात्रांपुरतंच ठेवते. आजीच्या तोंडी दिलं की आजीचं वय पंचवीसवर येतं.

आणि एका वाक्यात दोन-तीन जोड्या आल्या, तर सगळ्यांना शेपटी लावू नका. फिल्मच्या शेवटी मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगते, “रडलेबिडले नाही गं मी, जेवलेबिवले, मस्त झोपले.” मराठीत दोन्ही ‘बि’ फटाफट निघून जातात, तिला दिवस हलका करून सांगायचाय. इंग्रजीत दोनदा ‘ऑर एनीथिंग’ आलं की ती लपवतेय ते उलट उघडं पडतं. मी पहिल्यालाच ठेवलं: ‘आय डिडन्ट क्राय ऑर एनीथिंग. एट, स्लेप्ट लाइक अ लॉग.’ पुढच्या वाक्यातला ‘आय’ काढून टाकला, कारण ती घाईने बोलतेय.

पुढच्याच शॉटमध्ये तिचे सुजलेले डोळे दिसतात.