कापलेली दुसरी ओळ

(आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि शेतीची कामे आटोपून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला दिलेला विषय असा आहे की, मोबाइलवर दिसणारे विडंबनाचे पान कोणते आणि खऱ्या बातमीचे पान कोणते, हे संतापण्याआधी किंवा आनंदण्याआधी कसे ओळखावे. मी जिनिंग फॅक्टरीत अठ्ठावीस वर्षे हिशेब लिहिला. तेव्हा बोलायचे तर कापसावरूनच बोलेन, कारण गेल्या हंगामात या विषयाची ओळख मला कापसाच्याच एका कार्डाने करून दिली.

नोव्हेंबरचा महिना होता. पहिली वेचणी होऊन कापूस घराघरांत येऊन पडला होता आणि व्यापारी हमीभावापेक्षा बराच कमी भाव सांगत होते. अशा दिवसांत एके सकाळी शेजारचे काका फोन हातात धरून माझ्या ओसरीवर आले आणि म्हणाले, “भाऊ, भाव आला म्हणते ना! पंधरा हजार!” फोनवर एक चौकोनी कार्ड होते. वर लाल पट्टी होती, पट्टीत पांढऱ्या अक्षरांत ‘मोठी बातमी’ असे लिहिले होते, कोपऱ्यात गोल बोधचिन्ह होते आणि मधोमध फुटलेल्या बोंडाच्या चित्रावर ठळक ओळ होती: ‘कापसाला क्विंटलला 15 हजार हमीभाव जाहीर’. दुपारपर्यंत तेच कार्ड गावच्या तीन ग्रुपांवर आले. ज्या दोन घरांचा कापूस दुसऱ्या दिवशी मेटॅडोरमध्ये भरून जाणार होता, त्या घरांनी गाडी परत पाठवली. संध्याकाळी काही तरुण पोरांनी तहसीलदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा लिहून काढला की, जाहीर झालेल्या पंधरा हजारांच्या भावाने आमच्या भागात तात्काळ खरेदी सुरू करावी. त्या मसुद्यावर चाळीसच्या वर सह्या झाल्या होत्या.

मला शंका आली ती आकड्यामुळे. ज्याला हमीभावाचे साधे वेळापत्रक ठाऊक आहे, त्याला ती यावीच. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजुरी देते आणि खरिपाचे भाव साधारणपणे पेरणीच्या तोंडावर जाहीर होतात. 2025-26 च्या हंगामाचे भाव 28 मे 2025 रोजी जाहीर झाले होते: मध्यम धाग्याला 7,710 रुपये आणि लांब धाग्याला 8,110 रुपये. आदल्या हंगामात हेच भाव 7,121 आणि 7,521 होते, म्हणजे वर्षाची वाढ 589 रुपयांची. ज्या भावात वर्षाला इतकी वाढ होते, तो ऐन वेचणीत एकाएकी जवळजवळ दुप्पट होतो, आणि तेही गावच्या ग्रुपाखेरीज कोठेही चर्चा न होता, हे मनाला पटेना. तरीही आकडा पटला नाही म्हणून बातमी खोटी, असे लगेच म्हणणेही चूकच ठरले असते. शंका आली म्हणजे तपास सुरू करायचा, एवढाच तिचा अर्थ आहे.

काकांचा फोन मी हातात घेतला आणि कार्ड बोटांनी मोठे केले. संदेशावर दोन बाणांची खूण होती. तो अनेकदा पुढे पाठवला गेला आहे, एवढेच ती खूण सांगते. तो खरा की खोटा हे ती सांगत नाही. तारीख नव्हती, दुवा नव्हता, बातमीदाराचे नाव नव्हते. मग माझी नजर कार्डाच्या अगदी खालच्या कडेवर गेली. तेथे एक बारीक पांढरी रेघ होती आणि तिच्यावर ठिकठिकाणी मात्रांचे तुकडे दिसत होते. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबकळत असतात. चित्र शिरोरेषेच्या लगेच खाली कापले तर अक्षरे जातात, पण रेघ आणि तिच्यावरची चिन्हे उरतात. म्हणजे त्या ठळक ओळीखाली आणखी एक ओळ होती आणि ती कोणीतरी कापली होती. त्यामागे दुष्ट हेतू असेलच असे नाही. स्क्रीनचे छायाचित्र घेताना लोक वरचा बॅटरीचा भाग आणि खालची बटणे कापतात, आणि त्याच झटक्यात एखादी ओळ निघून जाते.

मी ते चित्र गूगल लेन्समध्ये टाकले आणि ठळक ओळीतील शब्दही शोधून पाहिले. थोड्या वेळाने मूळ कार्ड फेसबुकच्या एका पानावर सापडले. कापलेली ओळ तेथे पूर्ण होती: ‘अट एकच, कापसात ओलावा उणे दोन टक्के असावा.’

येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते, कारण या सभागृहात ज्याने खरेदी केंद्रावर बैलबंडी उभी केली आहे, त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, आठ ते बारा टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात आणि बाराच्या वर गेला तर कापूस परत, हा नियम आपल्याला पाठ आहे. सकाळी दव असताना भरलेली गाडी, ग्रेडरने कापसात खुपसलेले यंत्र आणि त्यावरचा आकडा वाचेपर्यंत रोखून धरलेला श्वास आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. उणे ओलावा जगात कोणत्याच कापसात असू शकत नाही. भाव मोठा जाहीर होतो आणि अटीच्या आड तो हाती लागत नाही, ही शेतकऱ्याची कळ त्या लिहिणाऱ्याने एका ओळीत पकडली होती. तो आपल्याच बाजूने बोलत होता. पण त्याची ओळ कापली गेली आणि आपल्याच गावाने त्याला खोटारडा, शेतकऱ्यांच्या जिवाशी खेळणारा म्हणून शिव्या घातल्या. ते संदेश मी वाचले आहेत आणि आजही मला त्याचे वाईट वाटते.

विडंबनाची घडण समजून घेतली की असे का होते ते कळते. विडंबन करणारा बातमीचा वेष मुद्दाम घेतो. लाल पट्टी, बोधचिन्ह आणि ‘मोठी बातमी’ हे शब्द नसतील तर त्याचा विनोद उभाच राहत नाही. पहिली ओळ तो जाणूनबुजून खरी वाटेल अशी लिहितो आणि चिमटा काढतो तो दुसऱ्या ओळीत किंवा बातमीच्या शेवटी. आपण मात्र पहिली ओळ वाचतो आणि पुढे पाठवतो. हे केवळ खेड्यातल्या माणसाचे होते असे कोणी समजू नये. 2012 साली ‘द ओनियन’ या अमेरिकेतील विडंबनाच्या वृत्तपत्राने उत्तर कोरियाचे किम जोंग उन हे जगातील सर्वांत देखणे पुरुष ठरल्याची बातमी छापली. चीनच्या ‘पीपल्स डेली’ने आपल्या संकेतस्थळावर ती खरी समजून 55 छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. संपादकांची फौज असलेल्या वृत्तपत्राचे असे होत असेल, तर दिवसभर वेचणी करून रात्री फोन हाती घेणाऱ्याला दोष कसा द्यावा?

मूळ कार्ड सापडल्यावर मी त्या पानाची ओळख करून घेतली. नाव एका परिचित वाहिनीच्या नावासारखे होते, पण त्यातील एक अक्षर बदललेले होते. घाईत वाचताना डोळा ते अक्षर आपोआप दुरुस्त करून घेतो, म्हणून असे नाव मोठ्याने वाचावे. परिचयात स्पष्ट लिहिले होते की येथील मजकूर विनोदासाठी आहे, आणि प्रवर्गही विडंबनाचाच निवडलेला होता. त्यानंतर मी मागची दहा कार्डे वाचली. एकावर लिहिले होते, ‘लोडशेडिंगच्या वेळेत वीज आल्याने गावात घबराट’. कार्डाखालच्या प्रतिक्रियांमध्ये लोक मनमोकळे हसत होते. माझा अनुभव असा की परिचय वाचण्यापेक्षाही मागची दहा कार्डे वाचणे अधिक खात्रीचे असते, कारण परिचयात कोणी काहीही लिहू शकतो, पण पानाचा स्वभाव त्याच्या मागच्या मजकुरात दिसतोच.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे आणि ज्यासाठी मला बोलावले ते नीट सांगायचे अजून राहिलेच आहे, तेव्हा आता भरभर सांगतो.

निळ्या खुणेवर विसंबू नका. ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, ती खूण 2022 च्या नोव्हेंबरात आठ डॉलर महिन्याने विकत मिळू लागली आणि त्याच महिन्यात एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कोणीतरी खाते काढून, खूण लावून, इन्सुलिन आता मोफत असल्याचे लिहिले. ते लोकांनी खरे मानले आणि खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. एक्सने एप्रिल 2025 पासून विडंबनाच्या खात्यांना नावाच्या सुरुवातीलाच तसा शब्द लिहिण्याचा नियम केला आहे. पण हा नियम एक्सपुरता आहे, आणि छायाचित्र कापून व्हॉट्सॲपवर आले की नावही जाते व तो शब्दही जातो.

फेसबुकवर पानाच्या माहितीत पारदर्शकतेचा भाग असतो. पान केव्हा सुरू झाले आणि त्याचे नाव किती वेळा बदलले, हे तेथे कळते. जे पान मागे पाककृतींचे होते आणि आज बातमीचे आहे, त्याच्यापासून जपून राहावे.

तिसरी जातही आहे, आणि तिच्याबद्दल मला खरी चीड आहे. काही पाने सरळ खोटे पसरवतात आणि पकडली गेली की परिचयात ‘विडंबन’ हा शब्द चिकटवतात. त्यांची पारख अशी की पूर्ण मजकूर वाचूनही त्यात विनोद सापडत नाही, आणि बहुधा कोठेतरी नोंदणीचा दुवा, आधार क्रमांकाची मागणी किंवा पैसे भरायचा आकडा असतो. विडंबन करणारा तुमच्याकडे फार तर हसू मागतो. जो ओटीपी मागतो, तो विडंबन करणारा नव्हे.

आणि शोधूनही मूळ पान सापडले नाही, तर कार्ड खरे की खोटे याचा निकाल आपण लावू नये. भावाची बातमी असेल तर बाजार समितीत फोन करावा आणि उत्तर येईपर्यंत ते कार्ड आपल्याच फोनमध्ये राहू द्यावे.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर पूर्ण कार्ड टाकले आणि खाली एवढेच लिहिले: ‘हे विडंबनाच्या पानावरचे आहे. आपल्याकडे आलेल्या कार्डातील दुसरी ओळ कापली गेली होती, ती येथे वाचावी. यंदाचा भाव 7,710 आणि 8,110 हाच आहे.’ कोणी पाठवले, कोण फसले, हे लिहिले नाही, कारण तसे लिहिले की माणूस स्वतःची चूक झाकण्यासाठी खोट्याचीच बाजू घेऊन भांडतो. पोरांनी सह्यांचा तो मसुदा फाडला नाही. त्यातील पंधरा हजारांचा आकडा खोडला आणि त्या जागी मागणी लिहिली की केंद्रावर ओलावा मोजताना यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याला दाखवावा. काकांनी आठ दिवस अंगणात ऊन देऊन कापूस वाळवला आणि मग केंद्रावर नेला. यंत्रावर साडेनऊ टक्के दिसले.