जमिनीची लाट उशिरा येते

श्रोतेहो, नमस्कार.

26 जानेवारी 2001. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला, 7.7 तीव्रतेचा. तिथून आपलं दर्यापूर सरळ रेषेत साधारण पावणेआठशे किलोमीटर. त्या धक्क्याच्या लाटा दर्यापूरपर्यंत कधी पोचल्या, याचा हिशेब आज तुमच्यासोबत मांडायचा आहे. कारण सगळ्यात शेवटी येणारी लाटच बहुधा जास्त नुकसान करते.

जमीन फाटली की पहिल्यांदा प्राथमिक लाट निघते. ती खोल खडकातून सेकंदाला आठेक किलोमीटर वेगानं धावते, म्हणजे दर्यापूरला पोचायला तिला पावणेदोन मिनिटं पुरतात. मागून येते दुय्यम लाट, तिला तीन मिनिटं लागतात. आणि भूपृष्ठाला धरून चालणारी लाट सेकंदाला सव्वातीन किलोमीटरच्या आसपास वेगानं येते. तिला चार मिनिटं लागतात.

या पृष्ठलाटा दोन जातीच्या. एकीला लव्ह लाट म्हणतात, ती जमिनीला आडवी, डावी-उजवी हलवते. दुसरी रॅले लाट. लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये ती गणितानं आधीच मांडून दाखवली होती. तिच्यात जमिनीचा प्रत्येक कण उभा लंबगोल फिरतो, आणि तोही उलटा. बैलगाडी पूर्वेला चालली आहे पण चाक मात्र उलटं फिरतं आहे, तसं. म्हणून माणसाला गचका बसत नाही, घेरी आल्यासारखं वाटतं. दारं-खिडक्या खडखडत नाहीत, पण टांगलेला पंखा संथ झुलू लागतो आणि विहिरीचं पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातं. ही खूण दिसली तर भूकंप बहुतेक दूरचा आणि मोठा आहे, असं समजा.

आता मंद असूनही ती जबर का? खोलातली लाट चहूकडे पसरते, खालीसुद्धा. पृष्ठलाट फक्त वरच्या थरात पसरते, त्यामुळे तिचा जोर सावकाश कमी होतो. अंतर नऊपट झालं, तर निव्वळ पसरण्यामुळे खोलातल्या लाटेचं हलणं नवव्या हिश्श्यावर येतं, पृष्ठलाटेचं मात्र तिसऱ्या हिश्श्यावर. शिवाय तिच्यातल्या लांब लाटा पुढे पळतात, आखूड मागे राहतात. म्हणून जितकं दूर जावं तितकं हलणं लांबत जातं, आणि बांधकामाला खरा त्रास होतो तो या लांबलेल्या हलण्याचा.

पण हे सरसकट धरू नका. 1993 च्या किल्लारी भूकंपात जवळच्या गावांतली दगडमातीची घरं पडली, ती पृष्ठलाटांची वाट पाहत थांबली नव्हती. इतक्या जवळ सगळ्या लाटा जवळपास एकत्रच येतात, आणि बुटकी, ताठ घरं तर जलद हादऱ्यानंच कोसळतात. आणि 1997 च्या जबलपूर भूकंपाचं केंद्र जमिनीखाली सुमारे पस्तीस किलोमीटर होतं. इतक्या खोलून पृष्ठलाटा दुबळ्या उठतात. जोरदार पृष्ठलाट उठायची तर भूकंप उथळ आणि मोठा हवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिची मला काळजी वाटते. पूर्णेच्या खोऱ्यात, आपल्या खारपाणपट्ट्यात, काळ्या मातीखाली लगेच खडक लागत नाही. नदीनं आणलेला गाळ शंभर मीटरहून किती तरी खोल गेलेला आहे. अशा मऊ गाळात लाट मंदावते आणि तिची उंची वाढते. 1985 मध्ये मेक्सिको सिटीत हेच झालं. भूकंप साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पण शहराचा मध्य जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेला. तो चिखल साधारण दोन सेकंदांच्या झोक्यानं हलत राहिला, आणि त्याच चालीनं डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. टेकडीवरच्या, खडकावरच्या वस्त्या बऱ्याच वाचल्या.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे आल्या उंच इमारती? पाण्याची टाकी आहे ना! पन्नास हजार लिटरची टाकी भरली की एका उंच खांबाच्या डोक्यावर पन्नास टन वजन बसतं, आणि ते संथ डोलतं. कच्छच्या भूकंपानंतर गुजरातेत कितीतरी टाक्यांच्या पोकळ गोल खांबांना, बुडाशी, आडव्या चिरा पडलेल्या आढळल्या. प्लॅस्टर शाबूत असलं तर त्या दुरून दिसत नाहीत.

म्हणून दूरचा भूकंप जाणवला, तर हलणं थांबल्यावरही टाकीखाली कोणाला उभं राहू देऊ नका, गुरंही बांधू नका. आणि मग उजेडात खांबाचा खालचा पुरुषभर उंचीचा भाग चारी बाजूंनी नीट बघा. आडवी चीर गोल फिरलेली दिसली, किंवा तिच्यातून पाणी पाझरताना दिसलं, तर टाकी भरणं त्याच दिवशी बंद करायला लावा आणि पंचायतीला सांगून अभियंत्याला बोलवा.