एक सायकल, तीन अर्थ

श्रोतेहो, नमस्कार. माध्यमांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात चिन्हमीमांसेतले, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा येतो याच्या अभ्यासातले, दोन शब्द भेटतात आणि बहुतेकांची तिथेच गफलत होते. ते शब्द म्हणजे चिन्हक आणि चिन्हित. आज या दोघांचा उलगडा मी रस्त्यावरच्या एका साध्या चित्राच्या आधारे करणार आहे. हे चित्र आहे सायकलीचे.

डोळ्यांसमोर तीन पाट्या आणा. पहिली त्रिकोणी आहे, तिची कड लाल आहे आणि मधल्या पांढऱ्या जागेत काळ्या रंगात सायकल काढलेली आहे. दुसरी गोल आहे; तिलाही लाल कड आणि आत तशीच काळी सायकल आहे. तिसरीही गोलच आहे, पण ती पूर्ण निळी असून तिच्यातली सायकल पांढरी आहे. रस्त्यांवरील चिन्हांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६८ साली व्हिएन्ना येथे झाला आणि त्याच्या पद्धतीने चालणाऱ्या देशांत या तिन्ही पाट्या आढळतात. पहिली सांगते की पुढे सायकलस्वार रस्त्यावर येण्याची किंवा रस्ता ओलांडण्याची शक्यता आहे, सांभाळून जा. दुसरी सांगते की येथे सायकलींना प्रवेश नाही. तिसरी सांगते की हा मार्ग सायकलींसाठी आहे आणि सायकलस्वाराने याच मार्गाने जावे.

सायकल तीच, मात्र एका ठिकाणी ती सावध करते, दुसऱ्या ठिकाणी मनाई करते आणि तिसऱ्या ठिकाणी वाट नेमून देते. मग अर्थ कुठे आहे? चित्राने फक्त विषय सांगितला, आणि त्या विषयाबद्दल काय म्हणायचे आहे ते कडेच्या आकाराने व रंगाने सांगितले. म्हणूनच दुसऱ्या पाटीपाशी नवखा माणूस हमखास फसतो. अनेक देशांत त्या पाटीवरच्या सायकलीवर तिरपी लाल रेघ मारलेली नसते. त्यामुळे चित्र ओळखणारा, पण लाल वर्तुळाचा संकेत न शिकलेला माणूस ‘येथे सायकल चालवता येते’ असे समजून खुशाल आत शिरतो. त्याच्या डोळ्यांचा यात काही दोष नाही, कारण चित्र त्याने अचूकच पाहिलेले असते.

आता आपल्या दोन शब्दांकडे वळू. जिनीव्हा येथे भाषाविज्ञान शिकवणाऱ्या फर्दिनां द सोस्यूर यांचे १९१३ साली निधन झाले आणि त्यांच्या व्याख्यानांवरून सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मांडणी अशी की प्रत्येक चिन्हाला दोन बाजू असतात. इंद्रियांना जाणवणारे रूप, म्हणजे आपल्या उदाहरणात लाल वर्तुळ आणि त्यातली आकृती, हे चिन्हक होय. आणि त्या रूपामुळे मनात उभी राहणारी कल्पना, म्हणजे ‘सायकलींना मनाई’, हे चिन्हित होय. (सोस्यूर स्वतः बोलत होते ते शब्दांविषयी, पाटीला तीच मांडणी लावणे हा त्यांच्या विचाराचा पुढे झालेला विस्तार आहे.) विद्यार्थी चिन्हित या शब्दाचा अर्थ ‘प्रत्यक्ष वस्तू’ असा घेतात, आणि सुरुवातीला उल्लेखिलेली गफलत ती हीच. पाटीसमोर त्या क्षणी एकही सायकल नसली, तरी पाटीचा अर्थ पूर्ण असतो. चिन्हित ही मनातली कल्पना आहे, रस्त्यावरची लोखंडी वस्तू नव्हे.

सोस्यूर यांचा दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. चिन्हाला अर्थ येतो तो शेजारच्या चिन्हांपासून असलेल्या वेगळेपणामुळे. लाल गोल कड ‘मनाई’ सांगते, कारण त्याच व्यवस्थेत निळी गोल पाटी ‘आज्ञा’ सांगण्यासाठी आणि त्रिकोण ‘इशारा’ देण्यासाठी राखून ठेवलेला आहे. उद्या सगळ्याच पाट्यांना लाल गोल कड लावली, तर ती कड काहीच सांगणार नाही.

साधारण त्याच काळात अमेरिकेत तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी स्वतंत्रपणे चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. साम्यावर चालते ती प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधावर चालतो तो दर्शक, जसा धूर हा आगीचा दर्शक, आणि केवळ रूढीवर चालतो तो संकेत. परंतु हे तीन कप्पे आहेत असे समजून प्रत्येक चिन्ह एकात टाकू नये. आपल्या पाटीत तिन्ही एकत्र नांदतात. सायकलीची आकृती ही प्रतिमा आहे आणि लाल वर्तुळ हा संकेत आहे. मग दर्शक कोणता? पाटी ज्या जागी रोवली आहे, ती जागा. हीच पाटी कारखान्याच्या गोदामात रचून ठेवलेली असताना कोणालाही अडवत नाही. रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिल्यावरच ती ‘येथे’ हा शब्द उच्चारते.

आता हेच शब्द घेऊन रस्त्यावरून फोनच्या पडद्यावर येऊ. इमोजीचे चेहरे पाहून आपल्याला वाटते की ही तर निव्वळ प्रतिमा, ती शिकावी लागत नाही. मात्र इमोजीच्या बाबतीत चिन्हकच स्थिर नसते. आपण हसरा चेहरा पाठवतो तेव्हा चित्र जात नाही. जातो तो युनिकोड या प्रमाण-व्यवस्थेने ठरवलेला एक क्रमांक. त्या क्रमांकाचे चित्र कसे काढायचे, हे घेणाऱ्याच्या फोनची किंवा ॲपची कंपनी ठरवते. रस्त्यावरची पाटी सर्व चालकांना एकच दिसते, पण इमोजी पाठवणाऱ्याला एक आणि घेणाऱ्याला दुसरे दिसू शकते. दात दाखवून हसणाऱ्या आणि हसऱ्या डोळ्यांच्या चेहऱ्याचे असेच झाले होते. काही फोनांवर तो मोकळेपणाने हसताना दिसे, तर ॲपलच्या जुन्या चित्रात त्याचे दात असे आवळलेले होते की अनेकांना त्यात त्रास किंवा अवघडलेपणा दिसला. २०१६ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी लोकांना अशी चित्रे दाखवून त्यांतील भाव सुखद की दुःखद असे विचारले, तेव्हा या एकाच क्रमांकाच्या चित्रांबद्दलची उत्तरे एकमेकांपासून फार दूर गेली. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: चित्र अगदी तेच असले, तरीही वाचणाऱ्यांचे एकमत होत नाही. म्हणजे दोष केवळ कंपन्यांच्या चित्रकारांवर ढकलता येत नाही.

पिस्तुलाच्या इमोजीचे प्रकरण याहून बोलके आहे. ॲपलने २०१६ साली खऱ्यासारख्या पिस्तुलाच्या जागी हिरवी पाण्याची पिचकारी आणली, आणि इतर बहुतेक मोठ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या त्या २०१८ साली. मधल्या काळात कुणी मित्राला ‘येतोच बघ’ असे लिहून पुढे ती पिचकारी जोडली असेल, तर पाठवणाऱ्याच्या पडद्यावर तो खेळ होता आणि घेणाऱ्याच्या पडद्यावर धमकी. क्रमांक एक, चिन्हके दोन आणि चिन्हितेही दोन. संदेशात चित्र नसून क्रमांकच असतो, म्हणून फोन अद्ययावत केल्यावर पूर्वी पाठवलेली पिस्तुलेसुद्धा पिचकाऱ्या होऊन दिसू लागली. लिहिणाऱ्याने एकही अक्षर बदलले नव्हते. पुढे २०२४ साली एक्स या समाजमाध्यमाने आपल्याकडे पुन्हा खऱ्यासारखे पिस्तूल आणले, त्यामुळे आजही त्या क्रमांकाचा अर्थ वाचताना तो कोणत्या पडद्यावर उघडला आहे, हे आधी विचारावे लागते.