रिफर्बिश्ड लॅपटॉप: परतीची मुदत संपण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

जूनमध्ये कॉलेज सुरू होतं, मग चवथीच्या आधी ऑनलाइन सेल लागतात, आणि घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. नवा चांगला लॅपटॉप परवडत नाही, म्हणून बरेच जण रिफर्बिश्ड घेतात. हा निर्णय चुकीचा आहे असं मला मुळीच वाटत नाही. मोठ्या कंपन्या आपल्या ऑफिसांतले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ही यंत्रं दणकट बांधणीची असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात, आणि ती साफ करून, तपासून पुन्हा विकायला येतात. प्रश्न एवढाच, की ती कुणी आणि किती नीट तपासली. ते तुम्हाला घरी बसून कळू शकतं, पण परतीची मुदत संपायच्या आत. ही मुदत बहुधा सात किंवा दहा दिवसांची असते. आज मी त्या दिवसांबद्दलच बोलणार आहे. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

डिचोलीतल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, आणि तिने साडेएकवीस हजारांत चौदा इंची ऑफिसचा लॅपटॉप मागवला. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आठ जीबी रॅम. निवड शहाणपणाची होती. विंडोज 10 चा मोफत आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, आणि विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप आता दहा-बारा हजारांत दिसतात ते त्यामुळेच. मागवण्याआधी तिने आणखी एक गोष्ट केली होती. विक्रीच्या पानावर लिहिलं होतं, 'बॅटरी हेल्थ किमान 80 टक्के'. त्या ओळीचा तिने स्क्रीनशॉट काढून ठेवला. विक्रेता पान केव्हाही बदलू शकतो, म्हणून तुम्हीही हे कराच.

खोका आला तेव्हा कुरियरच्या लेबलापासून लॅपटॉप चालू होईपर्यंत तिच्या भावाने न थांबता व्हिडिओ काढला. मग मी तिला बॅटरीचा अहवाल काढायला सांगितला. विंडोजमध्ये तो आधीपासूनच असतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. स्टार्टमध्ये cmd टाईप करा, कमांड प्रॉम्प्ट उघडेल. त्यात पॉवर, लगेच जोडून सी-एफ-जी, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हे दोन्ही शब्द जोडून.

```
powercfg /batteryreport
```

एंटर दाबलं की फाईल कुठे साठवली ते तिथेच दिसतं. ती फाईल ब्राउझरमध्ये उघडते. वरच्या भागात दोन ओळी शोधा. DESIGN CAPACITY म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती वीज मावायची, आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज पूर्ण चार्ज केल्यावर किती मावते. या मुलीच्या अहवालात पहिला आकडा पन्नास हजार होता, दुसरा एकतीस हजार पाचशे. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणलं की त्रेसष्ट टक्के. पानावर मात्र ऐंशीचा शब्द दिलेला.

रोजच्या वापरात याचा अर्थ काय होतो? हे आकडे मिलीवॅट-तासांत असतात, म्हणजे एकतीस हजार पाचशे म्हणजे साडेएकतीस वॅट-तास. लिहिणं-वाचणं, थोडं इंटरनेट, एवढ्याला असा लॅपटॉप साधारण नऊ वॅट खातो. म्हणजे साडेतीन तास. नवी बॅटरी साडेपाच तास गेली असती. सकाळच्या बसने फार्मागुडीला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या मुलीला हे दोन तास कमी पडतात, आणि वर्गात प्रत्येक बाकाशी प्लग नसतो.

तिने विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, थोडे दिवस वापरा, बॅटरी सेट होईल. या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते फसवं आहे. लॅपटॉप बराच काळ पडून असला तर बॅटरीच्या आतलं मोजमाप जरा चुकतं. एकदा पूर्ण चार्ज करून, वापरून जवळजवळ संपवून, पुन्हा पूर्ण चार्ज केलं की ते ताळ्यावर येतं. पण त्याने एखाद-दुसरा टक्का इकडेतिकडे होतो, सतरा टक्के भरून येत नाहीत. तिने हे एकदा केलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला चौसष्ट टक्के. मग मात्र थांबायचं नाही. 'थोडे दिवस' म्हणता म्हणता परतीची मुदत निघून जाते, आणि त्यानंतर तुमच्या हातात उरते ती फक्त वॉरंटी. रिफर्बिश्ड मालाच्या वॉरंटीत बॅटरी पुष्कळदा वगळलेली असते, किंवा तिची मुदत बाकी लॅपटॉपपेक्षा कमी असते. तिच्या बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी होती. अटींच्या पानावर मात्र बॅटरी आणि चार्जर यांना एकच महिना.

तिने पानाचा स्क्रीनशॉट, अहवाल आणि बिल एकत्र जोडून, त्या संकेतस्थळाच्याच तक्रारीच्या रकान्यातून परतीची मागणी केली. फोनवर नाही. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही. माल बदलून मिळाला.

दुसऱ्या लॅपटॉपचा अहवाल मात्र वेगळ्या कारणाने लक्ष देऊन बघावा लागला. मूळ क्षमता पन्नास हजार, आजचीही नेमकी पन्नास हजार, आणि CYCLE COUNT म्हणजे चार्जची आवर्तनं, तिथे शून्य. असा अहवाल दोन कारणांनी येतो. एक तर बॅटरी खरोखर नवी बसवली आहे. नाहीतर स्वस्त बनावटीची बॅटरी आहे, जिच्या आतलं छोटं सर्किट ठरलेले आकडे सांगत राहतं. खुद्द अहवाल हे सांगू शकत नाही, पण घड्याळ सांगतं. चार्जर काढा, प्रकाश अर्ध्यावर ठेवा, वायफायवर एखादा लांब व्हिडिओ लावा आणि दर अर्ध्या तासाला टक्के लिहून ठेवा. हिचे शंभरावरून एका तासात त्र्याऐंशी झाले, दुसऱ्या तासाअखेर सहासष्ट. उतार सारखा, म्हणजे बॅटरी ठीक. वाईट बॅटरी अशी वागत नाही. ती चाळीसपर्यंत छान उतरते आणि मग एकदम सात दाखवते किंवा लॅपटॉप बंदच पडतो. असं झालं तर अहवाल कितीही सुंदर असो, माल परत करा. आणि टचपॅड दाबायला कडक लागत असेल, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप हलत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. तो चार्जला लावूच नका.

आता वॉरंटी. रिफर्बिश्ड मालाला दोन वॉरंट्या असू शकतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक मूळ कंपनीची. ती पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नाही, त्यामुळे ती बहुधा संपलेली असते. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकला की उरलेली मुदत आणि देश दिसतो. दुसरी विक्रेत्याची, आणि तुम्हाला उपयोगी पडणार ती हीच. तिच्यात एकच प्रश्न विचारा: बिघाड झाला तर लॅपटॉप माझ्या घरून नेणार, की मी पाठवायचा? गोव्यातले आपले पिनकोड 403 ने सुरू होतात. संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून तिथून परतीचा माल उचलतात का, ते मागवण्याआधी बघा. सत्तरी-सांगे भागात काही कुरियर पोचवतात, पण उचलत नाहीत. मग दिल्लीच्या सेवाकेंद्राला खोका पाठवण्याचा खर्च तुमच्या माथी येतो.

सिरीयल नंबर आणखी एका ठिकाणी बघा. पॉवरशेल उघडून ही ओळ टाका.

```
Get-CimInstance Win32_BIOS
```

तिथे आलेला SerialNumber, खालच्या स्टिकरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही एक असले पाहिजेत. स्टिकर वेगळा म्हणजे खालचं झाकण नाहीतर आतला मदरबोर्ड दुसऱ्या लॅपटॉपचा आहे. बिलावर नंबरच नसेल तर तो घालून मागा, कारण वॉरंटीच्या वेळी 'हा आमचा माल नव्हे' असं म्हणायला जागा राहते.

ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये एक खोड अशी असते की ती आठवडाभर दिसतच नाही. म्हणून मुदतीच्या आत, तुमचं काही साठवण्याआधी, सेटिंग्जमधून विंडोज एकदा पूर्ण रिसेट करा आणि सुरुवातीच्या मांडणीत इंटरनेट जोडा. तिथे कुठल्या अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिचा ऑफिसचा ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नोंदवहीत आहे. फॉरमॅट करून ते जात नाही, फक्त तीच कंपनी सोडवू शकते. दुकानदार तात्पुरती पळवाट काढून देतो म्हणाला तरी घेऊ नका. पुढच्या रिसेटला ते पुन्हा उभं राहतं.

फोन घेत असाल तर त्याचं थोडक्यात. *#06# डायल करून आयएमईआय बघा, मग KYM, जागा, आणि तो पंधरा अंकी नंबर असा संदेश 14422 वर पाठवा. काळ्या यादीतला म्हणजे ब्लॉक केलेला किंवा दुहेरी नोंद असलेला फोन तिथे कळतो. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या About मध्ये मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघा. M म्हणजे नवा विकलेला, F म्हणजे खुद्द कंपनीने नूतनीकरण केलेला, N म्हणजे बदलून दिलेला. आयफोन 14 पर्यंतची बॅटरी पाचशे आवर्तनांनंतर ऐंशी टक्के राहावी अशी बनवलेली आहे, त्यामुळे जुना फोन शंभर टक्के दाखवत असेल तर बॅटरी बदललेली समजा आणि त्याच पानावर सुट्या भागांची नोंद बघा.

विक्रेत्याची पारख करताना तारे मोजू नका. वस्तूला मिळालेले तारे वेगळे आणि विक्रेत्याला मिळालेले वेगळे, हे आधी लक्षात घ्या. मी तीन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचतो, आणि त्यातही खरेदीनंतर काही महिन्यांनी लिहिलेले. कारण वॉरंटी मागितल्यावर काय झालं, ते फक्त तेच लोक सांगू शकतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाने विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा नंबर दाखवणं बंधनकारक आहे. तो पत्ता सापडत नसेल तर तिथून मागवू नका.

आणि सगळं करूनही विक्रेता दाद देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. तिथेही सुटलं नाही तर ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने, विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. स्क्रीनशॉट, बॅटरीचा अहवाल, बिल आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ, हे चारही तिथे पुरावे म्हणून जोडता येतात.