बाजारातली पाठ आणि एकवीस दिवस

नमस्कार श्रोतेहो. पोळा झाला की आपल्याकडे बाजारातून बकऱ्या आणायची घाई होते. म्हणून आज एवढंच सांगतो: नवी बकरी एकवीस दिवस वेगळी बांधायची. एकवीस.

हे मी शिकलो दारव्ह्याकडच्या माझ्या मावसभावाकडून. त्यानं दोन पाठी घेतल्या, रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला. आता पोरं मोबाईलवर फोटो पाहून पैसे धाडतात. तोंड उघडून पाहिल्याशिवाय बकरी घेता तरी कशी, बाप्पा? असो. भाऊ हुशार. पाठी कोठ्यात नेल्याच नाहीत, वावराच्या धुऱ्यावर तुराट्यांचा मांडव घालून तिथं बांधल्या. घरी लहानमोठ्या सोळा बकऱ्या.

चौथ्या दिवशी एका पाठीचं नाक वाहू लागलं. पाऊस होता, सर्दी असेल म्हणाला. रोज संध्याकाळी तिच्यापुढचा सुबाभळीचा पाला उरायचा. "काऊन वाया घालू?" म्हणून तो उष्टा पाला टोपल्यात भरून घरच्या बकऱ्यांपुढे टाकायचा. सहाव्या दिवशी पाठीच्या हिरड्यांवर फोड आले, तोंडाला घाण वास सुटला, डोळे चिपडांनी चिकटले. आठव्या दिवशी हगवण. अकराव्या दिवशी घरची पहिली बकरी तापली. सोळांतल्या सात गेल्या, त्यात पाच पिल्लं.

डॉक्टर आले, तोंड पाहून म्हणाले, पीपीआर दिसते. मग विचारलं, "मांडवातलं काय काय घरी येत होतं?" भावानं टोपल्याकडे बोट दाखवलं.

तर श्रोतेहो, नुसतं अंतर पुरत नाही. पीपीआरचा विषाणू उन्हात फार टिकत नाही, पण लाळेत आणि शेंबडात असतो, तो श्वासानं आणि उष्ट्या चाऱ्यानं जातो. म्हणून नव्या बकरीची बादली वेगळी, टोपलं वेगळं, उष्टं तिचं तिलाच. आधी घरच्यांचं चारापाणी उरकायचं, मग नव्यांकडे जायचं, उलट कधीच नाही. घरच्या कळपाला लस बाजाराच्या तीन आठवडे तरी आधी टोचलेली हवी. रोग आत शिरल्यावर टोचलेली लस त्या बकरीला वाचवत नाही.

एकवीसच का? पीपीआरची लक्षणं बहुतेक आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत दिसतात. पण एका पाठीनं दुसरीला रोग दिला, तर दुसरीचे दिवस तिथून पुढे चालू होतात. त्यासाठी तिसरा आठवडा. मध्येच एखादी आजारी पडली किंवा आणखी एक आणून बांधली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मात्र गर्भ टाकायला लावणारा ब्रुसेला एकवीस दिवसांत डोळ्यांना दिसत नाही, त्याला रक्ततपासणीच लागते.

आता भाऊ मांडवाच्या खांबावर रोज कोळशानं एक रेघ ओढतो. यंदा पंधरा रेघा झाल्या होत्या, तेवढ्यात सासऱ्यानं भेट म्हणून बोकड आणून बांधला. भावानं ओल्या फडक्यानं पंधराही रेघा पुसल्या.