आधी माणूस, मग जागा

मंडळी, विषय बास्केटबॉलमधल्या झोनच्या वॉकथ्रूचा, म्हणजे चालत-थांबत करायच्या सरावाचा आहे, पण आधी माझं जुनं दुखणं सांगतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना दोन-तीन झोनमध्ये, म्हणजे दोघं पुढे, तिघं रिंगजवळ आणि ज्याने त्याने आपली जागा राखायची, असं उभं केलं की सामने पटापट जिंकता येतात. त्या वयात लांबून बॉल रिंगपर्यंत पोचतच नाही, मग आपली पाच पोरं कीमध्ये, रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात, हात वर करून उभी! मीही तेच केलं. तीन सामने जिंकलो, पेढेही वाटले. चौथ्या सामन्यात समोरचा एक किडकिडीत पोरगा कॉर्नरला जाऊन उभा राहिला आणि त्याने चार बास्केट टाकल्या. टाइमआउटला विचारलं, "हा कोणाचा?" दोघं म्हणाले, "सर, त्याचा." बोट एकमेकांकडे! (हसताय, म्हणजे तुमच्याकडेही झालंय.) दोष पोरांचा नव्हता. त्यांना मी जागा शिकवली होती, माणूस शिकवलाच नव्हता.

आता पेढे वाटण्याआधी मॅन टू मॅन शिकवतो, म्हणजे ज्याने त्याने आपला माणूस धरायचा. चार विरुद्ध चार, सगळं चालत, अटॅकवाले कीबाहेर उभे. पास जाताना डिफेन्सच्या चौघांनीही हलायचं, बॉल पोचल्यावर नाही. मी "थांब" म्हटलं की एक हात बॉलकडे, दुसरा आपल्या माणसाकडे. दुसऱ्या हाताचं बोट हवेत भटकलं, की समजा पोरगा फक्त बॉल पाहत होता. बॉल एका पासवर असेल तर आपल्या माणसाच्या पासच्या वाटेत हात. दोन पासवर असेल तर एक पाय कीमध्ये, मदतीला.

अडचण अशी की चालत केलेलं पोरं नाचासारखं पाठ करतात. म्हणून पाच मिनिटांत वेग वाढवून अटी घालतो. आधी अटॅकला ड्रिबल बंद, मग दोनच ड्रिबल. डिफेन्सवाल्यांनी मानेमागे टॉवेल धरायचा, म्हणजे हात मारायची सोय नाही, पाय हलवावेच लागतात.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली. व्याख्यानाचा मूळ मुद्दा होता झोन, तो आता धावत सांगतो.

दोन-तीनमध्ये बॉल विंगला गेला की त्या बाजूचा वरचा गार्ड जातो आणि दुसरा गार्ड फ्री-थ्रो रेषेवर घसरतो. तिथून कॉर्नरला पास गेला, की त्या बाजूचा खालचा फॉरवर्ड बाहेर पडतो, सेंटर बॉलकडच्या ब्लॉकवर, म्हणजे कीच्या कडेच्या रिंगजवळच्या खुणेवर येतो आणि लांबचा फॉरवर्ड रिंगखाली. हेही चालत, "थांब" म्हणत. प्रत्येक थांब्याला "हा कोणाचा?" विचारायचं. दोन बोटं वर आली की परत पहिल्यापासून.

अट अशी: फ्री-थ्रो रेषेवरच्या माणसामार्गे झालेल्या बास्केटला दुप्पट गुण. मग ती मधली फट पोरं स्वतः बुजवायला लागतात. आणि अटॅकच्या रिबाउंडवरच्या बास्केटला तिप्पट, कारण झोनमध्ये शॉट सुटला की पाठीनं अडवायला ठरलेला माणूस नसतो. तिथे पोरं स्वतःच जवळचा माणूस शोधायला लागतात आणि…

हो, हो, उतरतो. चहा गार होतोय.