परफ्यूमच्या बाटलीत आपण नेमके कशाचे पैसे देतो?

नमस्कार! पुढच्या वेळी दुकानात गेलात की एकाच परफ्यूमच्या 50 आणि 100 मिलीच्या बाटल्यांच्या किमती बघा. माल दुप्पट, पण किंमत सहसा दुप्पट नसते. जास्तीचे 50 मिली भरायला कंपनीला फारच थोडा खर्च येतो, म्हणून हे परवडतं.

किती थोडा, ते बघू. 100 मिली 'ओ द पार्फ्यूम'मध्ये साधारण 15 ते 20 टक्के सुगंधी मिश्रण असतं, बाकी अल्कोहोल आणि थोडं पाणी. मिश्रण 18 ग्रॅम धरा. ते बरेचदा जिवोदान, आयएफएफ अशा कंपन्या तयार करून ब्रँडला किलोच्या भावाने विकतात. किलोला 10,000 रुपये धरले, तर एका बाटलीत 180 रुपयांचा सुगंध! खरं गुलाबाचं किंवा मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांचं तेल भरपूर असेल तर आकडा चढतो.

आता ही बाटली बघा. तळाची काच किती जाड आहे! झाकण हातात जड लागतं, कारण बरेचदा आत मुद्दाम वजन बसवलेलं असतं. नव्या आकारासाठी वेगळा साचा लागतो, काचेत बुडबुडा दिसला की बाटली बाद. काच, पंप, झाकण आणि खोका मिळून खर्च आतल्या द्रवापेक्षा सहज जास्त होतो.

पण खरा पैसा पुढे आहे. जिमी चू, माँब्लाँ, कोच यांचे परफ्यूम ते ब्रँड स्वतः बनवत नाहीत. इंटरपार्फ्युम्स नावाची कंपनी परवाना घेऊन ते बनवते. शेअर बाजारात असल्यामुळे तिचे हिशोब सगळ्यांना वाचता येतात. गेल्या काही वर्षांत तिच्या विक्रीतला साधारण एक पंचमांश जाहिरात आणि प्रमोशनवर गेला, आणि सुमारे 8 टक्के नावाच्या रॉयल्टीवर.

उदाहरणार्थ, 9,000 रुपयांची बाटली. त्यात 18 टक्के जीएसटीचे जवळपास 1,370 रुपये. आयात शुल्क, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा गेल्यावर कंपनीच्या हातात 3,500 आले असं धरू. त्यातले 700 जाहिरातीला, 280 नावाला. म्हणजे त्या 180 रुपयांच्या सुगंधापेक्षा त्याचं नाव महाग!

सेलिब्रिटीचे दोन प्रकार असतात, आणि इथे लोकांची गल्लत होते. जाहिरातीत चेहरा दाखवणाऱ्या ताऱ्याला ठरलेलं मानधन मिळतं, ते जाहिरात खर्चातच धरलेलं असतं. पण 1991 चं एलिझाबेथ टेलरचं 'व्हाइट डायमंड्स' किंवा 2004 चं ब्रिटनी स्पीअर्सचं 'क्युरियस' यांत त्यांचं नावच विकलं गेलं, तिथे परवान्याचा करार असतो. अशा करारांत बरेचदा किमान रॉयल्टीची हमी आणि जाहिरातीवर किमान खर्चाची अटही असते. माल खपला नाही तरी ते पैसे द्यावेच लागतात. म्हणून अशा परफ्यूमची किंमत ठरवताना सुगंध किती भारी आहे याआधी कंपनीला हा बांधील खर्च वसूल कसा होईल, ते बघावं लागतं.